पीएच मापकाचं इनपुट: डायोडने ऑप-अँप वाचतो, मग माप का बिघडतं?

प्रश्न: चोडणला आमच्या खाजनातल्या कोळंबीच्या तळ्यासाठी मी घरीच पीएच मापक बनवला आहे. काचेचा प्रोब, बीएनसी, LMC6482, ५ व्होल्ट सप्लाय, रेफरन्स इलेक्ट्रोड २.५ व्होल्टवर. प्रोब बदलताना दोन वेळा ऑप-अँप गेला, म्हणून इनपुटला १० किलोओहम आणि तिथून दोन्ही सप्लायकडे एकेक 1N4148 लावला. आता ऑप-अँप जात नाही, पण ७ च्या बफर द्रावणात सकाळी ६.६ आणि दुपारी ५.९ दाखवतो. बीएनसी शॉर्ट केली की मात्र बरोबर ७.००. तळ्यातही दुपारी पीएच उतरलेला दिसतो. डायोड काढून टाकू का? मग स्टॅटिकचं काय करू?

उत्तर:

हो, ते दोन 1N4148 काढा आणि १० किलोओहमच्या जागी ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. या इनपुटला बाहेरून डायोड लावायची गरज नाही. ऑप-अँपच्या आतच दोन्ही सप्लायकडे जाणारे डायोड असतात. त्यांच्यातून जाणारा करंट आवरला की ते पुरतात, आणि तो आवरायचं काम मोठा रेझिस्टर करतो. फेरफार एवढाच आहे. पण तो का चालतो हे समजलं नाही तर पुढच्या बोर्डवर हीच गोष्ट दुसऱ्या रूपात समोर येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे "शॉर्ट केली की बरोबर ७.००". याचा अर्थ ऑप-अँप ठीक आहे, पुढचं गणित ठीक आहे, २.५ व्होल्टही जागेवर आहेत. बिघाड फक्त प्रोब जोडल्यावर दिसतो, कारण पीएचच्या काचेच्या बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स प्रचंड असतो, साधारण १०० मेगाओहम, काहींचा त्याच्या काही पट. उलट्या दिशेने ताणलेला डायोड बंद असतो असं आपण शिकतो, पण तो पूर्ण बंद कधीच नसतो. त्यातून थोडा करंट झिरपत राहतो. हा करंट कुठून तरी परत जायला हवा. ऑप-अँपच्या पिनमधून त्याला वाट नाही, म्हणून तो बल्बमधून रेफरन्सकडे जातो आणि जाताना १०० मेगाओहमवर व्होल्टेज उभं करतो. एक नॅनोअँप गळती म्हणजे १०० मिलिव्होल्ट. २५ अंशांना एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट मिळतात, तेव्हा एका नॅनोअँपने पावणेदोन पीएचची चूक होते. बीएनसी शॉर्ट केली की तीच गळती शून्य ओहममधून वाहते, व्होल्टेज काहीच बनत नाही आणि आकडा ७.०० वर येतो. गळती तेव्हाही असते, फक्त दिसत नाही.

तुमचा सकाळचा आकडा ०.४ ने कमी आहे, म्हणजे सुमारे २४ मिलिव्होल्ट. बल्ब १०० मेगाओहमचा धरला तर गळती ०.२४ नॅनोअँप होते. दुपारी १.१ चा फरक, म्हणजे ६५ मिलिव्होल्ट आणि ०.६५ नॅनोअँप. 1N4148 च्या डेटाशीटमध्ये २० व्होल्टला २५ नॅनोअँपपर्यंतची मुभा आहे. त्यापुढे तुमची गळती क्षुल्लक वाटेल, पण इथे दोन डायोड एकमेकांच्या विरुद्ध गळतात. वरचा सप्लायकडून इनपुटमध्ये करंट ढकलतो, खालचा इनपुटमधून ग्राउंडकडे ओढतो. बल्बच्या वाट्याला येते ती दोघांची वजाबाकी. इनपुट जवळपास मधोमध, २.५ व्होल्टवर बसलेलं असल्यामुळे दोन्हींवर ताण सारखा आहे आणि बरीचशी गळती परस्पर कटते. म्हणूनच तुमचा मापक अजून काहीतरी अर्थपूर्ण दाखवतो आहे. एकाच पट्टीतले दोन डायोड जुळवून घेतले तर चूक आणखी कमी करता येईल, पण त्या वाटेला जाऊ नका. आज जुळलेले डायोड वेगवेगळे तापले की वेगवेगळे गळतात.

चुकीची दिशाही पाहण्यासारखी आहे. द्रावण आम्लाकडे झुकलं की काचेचा इलेक्ट्रोड धन होतो. वरचा डायोड जास्त गळत असेल तर तो इनपुट वर ढकलतो आणि मापकाला वाटतं द्रावण आम्ल झालं, म्हणून आकडा खाली येतो. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. आता तळ्याचा विचार करा. उन्हात पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून खऱ्या तळ्याचा पीएच सकाळी सर्वांत कमी असतो आणि दुपारी चढतो. अर्धा-पाऊण अंक सहज चढतो. तुमचा मापक त्या वेळी उतरतो, म्हणजे तो तळं न दाखवता स्वतःच्या डब्यातलं तापमान दाखवतो आहे. उलट खालचा डायोड जास्त गळका निघाला असता तर दुपारी आकडा वर गेला असता, तो तळ्याच्या स्वभावाशी जुळला असता आणि तुम्हाला महिनोन्‌महिने संशयही आला नसता. त्या आकड्यावर कोणी चुना टाकायचा की नाही हे ठरवलं असतं. तळ्यातला आकडा तपासायला नेहमी त्याच वेळी बफर द्रावणातला आकडा घ्या, तुम्ही घेतला तसा. सकाळी एकदा कॅलिब्रेट करून दिवसभर विसंबून राहिलात तर सकाळची चूक पुसली जाते आणि दुपारची राहते.

दुपारी गळती का वाढते, हे तर उघडच आहे. सिलिकॉन डायोडची गळती तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. तुमची ०.२४ ची ०.६५ झाली, म्हणजे २.७ पट, म्हणजे डबा सुमारे १४ अंशांनी तापला. बांधावर उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात एवढं होणारच. पण इथे एक बारकावा आहे, जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काचेच्या बल्बचा रेझिस्टन्सही गरम झाल्यावर उतरतो, आणि तोही जवळपास तेवढ्याच वेगाने, सात-आठ अंशांना निम्मा. म्हणजे डायोड आणि बल्ब सारखेच तापले असते तर गळती दुप्पट, रेझिस्टन्स निम्मा, आणि चूक होती तिथेच राहिली असती. प्रयोगशाळेत सगळं एका खोलीच्या तापमानाला असतं, म्हणून तिथे हा दोष स्थिर ऑफसेटसारखा दिसतो आणि कॅलिब्रेशनमध्ये गिळला जातो. तळ्यावर बल्ब पाण्यात असतो, पाणी सावकाश तापतं, डबा मात्र भराभर तापतो. गणित तिथे फिस्कटतं. खात्री करायची असेल तर भर दुपारी डब्यावर ओलं गोणपाट टाका. प्रोबला हातही न लावता आकडा वर सरकू लागला, तर डब्यातच गळती आहे हे नक्की.

डब्याचं झाकण उघडून पाहिलंत तर आणखी एक गोष्ट आढळेल. 1N4148 चं अंग पारदर्शक काचेचं असतं. उजेड आतल्या जंक्शनवर पडला की त्यातून प्रकाशाचा करंट निघतो, सोलर सेलमध्ये निघतो तसाच. झाकण उघडलं की आकडा उडी मारतो, हात आडवा धरला की परत येतो, आणि घरात ट्यूबलाइटखाली १०० हर्ट्झची थरथर दिसते. उघड्या बोर्डवर काम करताना या उडीला लूज सोल्डर समजून लोक तासन्‌तास वाया घालवतात.

एवढ्या तर्कावर विसंबून डायोड कापू नका. आधी गळती मोजा, आणि त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. १० मेगाओहमचे दहा रेझिस्टर ओळीने जोडा, पत्र्याच्या छोट्या डबीत बसवा आणि डबीला बीएनसी लावा. रेझिस्टरच्या माळेचं एक टोक बीएनसीच्या मधल्या पिनला आणि दुसरं बीएनसीच्या बाहेरच्या कड्याला. पत्र्याची डबीही त्या कड्यालाच जोडा. तुमच्या बोर्डवर ते कडं २.५ व्होल्टच्या रेफरन्सवर असणार. पत्रा हवाच, नाहीतर घरातल्या वायरिंगचा हम आत शिरेल. आता आधी शॉर्ट प्लग लावून ऑप-अँपच्या आउटपुटवर मल्टिमीटरने व्होल्टेज टिपा, मग ही डबी लावून टिपा. मल्टिमीटर आउटपुटवरच लावायचा, इनपुटवर कधीच नाही, कारण त्याचे स्वतःचे १० मेगाओहम सगळंच खाऊन टाकतील. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची गळती: दर १० मिलिव्होल्टला १०० पिकोअँप. डायोड असताना हा फरक सकाळी वीस-पंचवीस मिलिव्होल्टच्या घरात यावा. डायोडजवळ गरम सोल्डरिंग आयर्न न टेकवता धरलंत तर तो डोळ्यांदेखत वाढेल. मग डायोडचं इनपुटकडचं टोक उचला आणि पुन्हा मोजा. फरक एका मिलिव्होल्टच्या आत आला की डायोडच दोषी होते. LMC6482 चा स्वतःचा इनपुट करंट पिकोअँपच्याही फार खाली असतो, त्यामुळे ऑप-अँपवर संशय घ्यायचं कारण नाही.

फरक राहिलाच तर बोर्ड मळला आहे. गोव्यात हे नेहमीचंच, विशेषतः खाजनाच्या काठावर: हवेत मीठ, पावसाळ्यात चार महिने दमटपणा आणि सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स. ५ व्होल्टची पट्टी इनपुटच्या शेजारून गेली असेल आणि दोघांमध्ये मळामुळे १० गिगाओहम राहिले असतील, तर त्यातून पाव नॅनोअँप येतो, म्हणजे तुमच्या डायोडइतकाच. या दोन दोषांमध्ये फरक करायची एक सोपी युक्ती आहे. ४ आणि ७ ची दोन्ही बफर द्रावणं घ्या. निरोगी प्रोब २५ अंशांना या दोहोंमध्ये १७७ मिलिव्होल्टचं अंतर दाखवतो. उलटा ताणलेला डायोड व्होल्टेज थोडं हललं तरी तेवढाच गळतो, म्हणून तो दोन्ही आकडे सारखेच सरकवतो आणि अंतर जवळपास तेवढंच राहतं. मळ हा रेझिस्टर असतो. इनपुट ते रेफरन्स असा एक गिगाओहमचा मळ असेल तर अंतर १७७ वरून १६१ पर्यंत आक्रसतं. म्हाताऱ्या प्रोबमध्येही अंतर आक्रसतं, तेव्हा प्रोबला दोष देण्याआधी १०० मेगाओहमची डबी लावून पाहा.

आता स्टॅटिककडे येऊ. तुमचे दोन ऑप-अँप प्रोब बदलतानाच गेले, हे महत्त्वाचं आहे. प्रोब पाण्यात असताना काचेच्या बल्बच्या वाटेने काही मोठं येणं कठीण असतं. एअरेटरच्या मोटरची वायर फुटून तळ्याला २३० व्होल्ट लागले तरी १०० मेगाओहममधून जेमतेम काही मायक्रोअँप येतील. धोका आहे तो बीएनसी सुटी असताना. प्रोबच्या केबलची मधली तार एका टोकाला काचेने आणि दुसऱ्या टोकाला हवेने तोडलेली असते. तीन मीटर केबलची तीनेकशे पिकोफॅरड क्षमता कुठेही वाट न मिळता भारलेली राहू शकते. प्लॅस्टिकच्या पेटीतून केबल ओढून काढली, पॉलिएस्टरच्या शर्टावर घासली, की ती भारली. बीएनसी जोडताना मधली पिन आधी टेकली तर तो भार थेट ऑप-अँपमध्ये उतरतो. दुसरी वाट म्हणजे बोट पिनला लागणं. पावसाळ्यात दमटपणामुळे हे कमी होतं. एसी खोलीत किंवा जानेवारीच्या कोरड्या सकाळी जास्त होतं.

माणसाच्या बोटातून उडणाऱ्या ठिणगीची जी प्रमाणित चाचणी आहे, आयईसी ६१०००-४-२, तिच्यात १५० पिकोफॅरड ८ किलोव्होल्टला भारून ३३० ओहममधून सोडतात आणि पहिला झटका ३० अँपपर्यंत जातो. ऑप-अँपच्या आतल्या डायोडना एवढं झेपत नाही. त्यांची परीक्षा वेगळ्या, सौम्य पद्धतीने होते. १०० पिकोफॅरड १.५ किलोओहममधून सोडतात, आणि १.५ किलोव्होल्टला करंट एका अँपपर्यंतच जातो. LMC6482 च्या इनपुट पिनला कायमचा ५ मिलिअँप करंट चालतो. आता पिनच्या वाटेत ४७० किलोओहमचे ते दोन रेझिस्टर, म्हणजे जवळपास एक मेगाओहम घाला. आठ हजार व्होल्ट आले तरी करंट ८ मिलिअँपपर्यंतच जातो आणि १५० मायक्रोसेकंदांत ओसरू लागतो. आतले डायोड हे निवांत झेलतात. तुमच्या १० किलोओहमने हाच करंट ८०० मिलिअँप झाला असता, म्हणून तुम्हाला बाहेरचे डायोड लावावे लागले.

रेझिस्टर मोठा केल्याची किंमत एरवी तीन ठिकाणी मोजावी लागते: इनपुट करंटमुळे ऑफसेट, वाढलेला नॉइज आणि मंदावलेला वेग. इथे तिन्ही जवळपास फुकट आहेत. पिकोअँपहूनही कमी करंट एका मेगाओहमवर एक मायक्रोव्होल्टही उभा करत नाही. नॉइज म्हणाल तर बल्बच शंभर पट मोठा रेझिस्टर आहे. पिनच्या पाचेक पिकोफॅरडबरोबर वेळ लागतो पाच मायक्रोसेकंद, आणि पीएचचा प्रोब स्थिरावायला काही सेकंद घेतो. ज्या इनपुटचा स्रोत १०० मेगाओहमचा आहे तिथे रेझिस्टर स्वस्त आणि डायोड महाग असतो. संरक्षण आखताना मी आधी हाच हिशेब करतो, मग भाग निवडतो.

एक मेगाओहमचा कोणताही रेझिस्टर चालेल असं मात्र नाही. ठिणगी रेझिस्टरच्या आतून न जाता अंगावरून उडी मारून जाऊ शकते. चिमुकल्या चिप रेझिस्टरची दोन टोकं जेमतेम मिलिमीटरभर दूर असतात, आणि मिठाने ओलसर झालेल्या पृष्ठभागावर तेवढं अंतर काहीच नाही. म्हणून पाव वॉटचे साधे पायवाले मेटल फिल्म रेझिस्टर घ्या आणि दोन ओळीने लावा. प्रत्येकाचं अंग सहाएक मिलिमीटर लांब असतं, ताणही वाटला जातो. त्यांच्या अंगातल्या अर्ध्याहून कमी पिकोफॅरडमधून झटक्याची पहिली धार आत शिरतेच, पण तिच्यातला भार दोन-तीन नॅनोकुलोम, आणि वरच्या सौम्य चाचणीत ऑप-अँप १५० नॅनोकुलोम पचवतो. तेव्हा त्याची चिंता नको.

बसवताना पहिला रेझिस्टर बीएनसीच्या पिनवर सरळ उभा करा, दुसरा त्याच्या पुढे जोडा आणि त्याचं टोक ऑप-अँपच्या उचललेल्या पायाला हवेतच सोल्डर करा. त्या पायाने बोर्डला शिवू नये. हवेसारखा इन्सुलेटर दुसरा नाही आणि त्याला मळ लागत नाही. ते जमत नसेल तर इनपुटच्या पट्टीभोवती तांब्याचं गार्ड कडं काढून ते ऑप-अँपच्या आउटपुटला जोडा. मग मळ असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना तेच व्होल्टेज राहतं आणि तो ओढणार काय? शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवा, कोरडं करा, आणि मगच लॅकरचा थर द्या. न धुता लॅकर मारला तर मीठ आणि फ्लक्स आत कोंडले जातात, ते पुन्हा निघत नाहीत.

तुमच्याकडे कामगार रोज प्रोब काढतात-घालतात आणि नुसत्या रेझिस्टरवर भरवसा वाटत नसेल, तर बाहेरचे डायोड लावा, पण कमी गळतीचे. BAV199 याच कामासाठी बनलेला आहे. त्याची नेहमीची गळती काही पिकोअँप असते, काळ्या प्लॅस्टिकमुळे उजेड लागत नाही, आणि एकाच पाकिटात ओळीने जोडलेले दोन डायोड मिळतात, म्हणजे दोन्ही सप्लायकडे लावायला नेमके. ३ पिकोअँप धरले आणि दुपारी ते चौपट झाले तरी १२ पिकोअँप, सव्वा मिलिव्होल्ट, पीएचमध्ये दोन शतांश. मात्र डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा ५ नॅनोअँपची आहे, हजार पटींहून जास्त, कारण कारखान्यात प्रत्येक नग पिकोअँपपर्यंत मोजणं परवडत नाही. म्हणून लावलेला प्रत्येक नग १०० मेगाओहमच्या डबीने तपासा. BAV199 फोंडा-म्हापशाच्या दुकानांत मिळाला नाही तर BC547 घ्या. त्याचं बेस-कलेक्टर जंक्शन उत्तम कमी गळतीचा डायोड आहे. वरच्यासाठी बेस इनपुटला आणि कलेक्टर ५ व्होल्टला, खालच्यासाठी बेस ग्राउंडला आणि कलेक्टर इनपुटला, एमिटरचा पाय कापून टाका. बेस-एमिटर जंक्शन वापरू नका, ते उलट्या दिशेने सहा-सात व्होल्टला फुटतं. कोणी शॉटकी लावायला सांगेल, BAT54 सारखा, कारण तो लवकर उघडतो. ते खरं आहे, पण त्याची गळती BAV199 च्या हजारो पट जास्त. शंभर नॅनोअँपला १०० मेगाओहमवर १० व्होल्ट होतात, म्हणजे मापक एका टोकाला चिकटून बसेल.

बाहेरचे डायोड लावलेत तर मेगाओहम दोन भागांत वाटा: एक ४७० किलोओहम बीएनसी ते डायोड, दुसरा डायोड ते पिन. बाहेरचा डायोड जोरात उघडतो तेव्हा त्याच्यावर एखादा व्होल्ट किंवा जास्त पडतो. आतला डायोड त्याआधीच उघडलेला असतो, आणि मध्ये रेझिस्टर नसेल तर दोघांत करंट कसा वाटला जाईल ते सांगता येत नाही. डायोड इनपुटवरून थेट सप्लायकडे न नेता ऑप-अँपच्या आउटपुटने चालवलेल्या बिंदूकडे नेण्याची युक्तीही आहे. म्हणजे डायोडवर ताणच राहत नाही. चांगली युक्ती आहे, पण ती खराब डायोडला तारत नाही. शून्य व्होल्टच्या आसपास 1N4148 दहा-वीस मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो, तेव्हा ऑप-अँपच्या एक मिलिव्होल्ट ऑफसेटनेही ५०-१०० पिकोअँप वाहतात. BC547 च्या जंक्शनवर तोच हिशेब नगण्य ठरतो. म्हणजे आधी डायोड चांगला हवा, युक्ती नंतर.

एक जागा राहिली, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. डायोड बाहेरचा असो की आतला, तो वरचा झटका ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये सोडतो. तुमचा रेग्युलेटर करंट देऊ शकतो, घेऊ शकत नाही. आठ हजार व्होल्टच्या ठिणगीतला सगळा भार १.२ मायक्रोकुलोम आहे. सप्लायवर फक्त ०.१ मायक्रोफॅरड असेल तर तो एवढ्याने १२ व्होल्ट वर जाईल आणि ऑप-अँप इनपुटवरून न मरता सप्लायवरून मरेल. १० मायक्रोफॅरड ऑप-अँपजवळच लावा, मग वाढ होते ०.१२ व्होल्ट. मापक बंद असतानाही प्रोब जोडला जातो, हे धरूनच हा कपॅसिटर निवडा, कारण तेव्हा सप्लाय शून्यावर असतो आणि आतला डायोड अर्ध्या व्होल्टलाच उघडतो.

आणि हा सगळा हिशेब तुमच्या बोर्डवरच्या दुसऱ्या इनपुटला जसाच्या तसा लावू नका. तिथे पाण्याच्या पातळीचा किंवा तापमानाचा सेन्सर असेल तर त्याचा रेझिस्टन्स काही किलोओहम असेल. तिथे 1N4148 ची ५ नॅनोअँप गळती १ किलोओहमवर ५ मायक्रोव्होल्ट करते, कोणाला कळणारही नाही. त्याच्यामागे LM358 असेल तर त्याचा स्वतःचा इनपुट करंटच ४५ नॅनोअँपच्या आसपास असतो, आणि वाटेत १०० किलोओहम घातलेत तर साडेचार मिलिव्होल्टची चूक तिथूनच येईल. त्या इनपुटला डायोड ठेवा, रेझिस्टर एक-दोन किलोओहमचा ठेवा. पीएचच्या इनपुटवर फेरफार झाला की डबी लावून एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी डबा उन्हात असताना मोजा. दोन्ही वेळा शॉर्टपासूनचा फरक एका मिलिव्होल्टच्या आत असेल तरच लॅकर मारा.